मेगर टेस्ट शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलांचं डोकं कुठे भरतं?

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना घराच्या वायरिंगची मेगर टेस्ट शिकवताना दरवर्षी तेच होतं. पायऱ्या वहीत सुंदर लिहितात, तोंडी विचारलं तर घडाघडा सांगतात, पण बोर्डसमोर उभं केलं की बल्ब काढायचा की ठेवायचा इथेच अडकतात. एका प्रशिक्षणात ‘कॉग्निटिव्ह लोड’ हा शब्द ऐकला. या जॉबला त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय? जॉबच्या पत्रकात नेमकं काय बदलू?

उत्तर:

तुमचा जॉब आणि कॉग्निटिव्ह लोडचा, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या भाराचा, सिद्धांत यांची ओळख जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये या सिद्धांताची पायाभरणी केली. पुढे १९९१ मध्ये त्यांनी आणि पॉल चँडलर यांनी जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतल्या काहींमध्ये विजेच्या कामाचे शिकाऊ उमेदवार होते आणि शिकवायचा विषय होता इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी, म्हणजे मेगर टेस्टच. तेव्हा सिद्धांत सगळा सांगत बसण्यापेक्षा हा एकच जॉब धरून बोलू.

आधी मुलगा अडकतो तिथे काय होतं ते पाहू. नवीन माहिती आपण ज्या जागेत हाताळतो तिला कार्यस्मृती म्हणतात. ही जागा फार लहान. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी-जास्त, असा आकडा सांगितला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. आणि ही मर्यादा नुसत्या धरून ठेवण्याची झाली. त्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचा असेल तर त्याहूनही कमी मावतात. मनात उजळणी केली नाही तर काही सेकंदांत त्या निसटतात. दीर्घकालीन स्मृतीला मात्र अशी मर्यादा नाही. मुरलेल्या वायरमनला ‘मेन बंद, फ्यूज आत, स्विच चालू’ या तीन गोष्टी दिसतच नाहीत. त्याला एकच गोष्ट दिसते: सर्किट टेस्टला तयार आहे. तुमच्या मुलाला त्या तीन दिसतात, आणि प्रत्येकीची वेगळी जागा लागते.

आता ‘बल्ब काढू की ठेवू?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्याला एकाच वेळी काय धरावं लागतं ते मोजा. कोणती टेस्ट चालू आहे, अर्थशी की दोन तारांमधली. मेगरच्या दोन लीड कुठे लागल्या आहेत. स्विच चालू आहे की बंद. बल्ब आत असेल तर मेगरचा प्रवाह त्यातून कुठे जाईल. आणि त्यामुळे रीडिंग कमी दिसेल की जास्त. या पाचही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक सोडली की उरलेल्यांना अर्थ राहत नाही. याउलट लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ हे तीन रंग वेगवेगळे पाठ करता येतात, एक विसरला तरी बाकीचे अडत नाहीत. जडपणा येतो तो गोष्टी किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींत किती गुंतल्या आहेत यावरून. पायऱ्या घडाघडा म्हणणारा मुलगा रंगांसारखी एक यादी म्हणत असतो. बोर्डसमोर त्याला ती यादी नको असते, गुंता सोडवायचा असतो.

हा विषयाचा स्वतःचा भार झाला. त्यावर पत्रकाचा भार चढतो, आणि तुमच्या हातात आहे तो हाच.

साधारण पत्रक कसं असतं? एका पानावर आकृती, तिच्यावर ए, बी, सी अशी अक्षरं. मागच्या पानावर बारा-चौदा पायऱ्या: ‘बी आणि सी या टर्मिनलांत लीड जोडा.’ मुलगा पायरी वाचतो, पान उलटतो, बी शोधतो, पुन्हा पान उलटतो, तोवर ‘सी’ निसटलेला असतो. हे शोधणं म्हणजे शिकणं नव्हे, पण जागा मात्र तीच खातं. चँडलर आणि स्वेलर यांनी नेमकं हेच तोडलं. प्रत्येक सूचना आकृतीवर, ती जिथे करायची त्या भागाच्या शेजारी लिहिली आणि क्रमांक घातला. असं पत्रक वाचणाऱ्यांना वेळ कमी लागला आणि नंतरच्या चाचणीत ते सरस ठरले.

तेव्हा पहिला बदल हा. ए-थ्री कागदावर आकृती मोठी काढा: एक डबल पोल मेन स्विच, एक फ्यूज, दोन बल्ब पॉइंट, एक सॉकेट, अर्थ पट्टी. यापेक्षा मोठं सर्किट पहिल्या दिवशी नको. मग त्या त्या जागेशेजारी एवढंच लिहा:

१. मेन स्विचपाशी: ‘बंद करा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत.’
२. मेनच्या घराकडच्या टर्मिनलांपाशी: ‘टेस्ट लॅम्प लावा. पेटता कामा नये.’
३. फ्यूजपाशी: ‘आत ठेवा.’
४. होल्डर आणि सॉकेटपाशी: ‘बल्ब काढा, प्लग काढा.’
५. स्विचपाशी: ‘सगळे चालू.’
६. मेनच्या घराकडच्या दोन टर्मिनलांमध्ये: ‘जोडतार लावा.’
७. मेगरच्या चित्रापाशी: ‘लाइन लीड जोडतारेवर, अर्थ लीड अर्थ पट्टीवर. ५०० व्होल्ट. किमान १ मेगओहम.’

दुसऱ्या टेस्टसाठी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यामधल्या इन्सुलेशनसाठी, या पत्रकातल्या फक्त दोन जागा बदलतात. सहाव्या जागी जोडतार काढायची, सातव्या जागी लाइन लीड फेजवर आणि अर्थ लीड न्यूट्रलवर लावायची. बाकी सगळं तसंच राहतं. त्या दोन जागा वेगळ्या रंगात छापा. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला रंग नको, म्हणजे रंगाचा अर्थ एकच राहील: इथे बदल आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी बल्ब दोन्ही टेस्टमध्ये बाहेर ठेवला. पुस्तकात वेगळं असतं: अर्थशी टेस्ट करताना बल्ब आत, दोन तारांमध्ये टेस्ट करताना बाहेर. तुमची मुलं अडकतात ती नेमकी इथे. बल्ब आत ठेवण्याचं काम एवढंच होतं की फिलामेंटमधून फेज आणि न्यूट्रल जोडले जावेत आणि दोन्हींची अर्थशी एकदम टेस्ट व्हावी. जोडतार तेच काम करते. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत, त्यात फिलामेंट नाही, इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. दोन तारांमधल्या टेस्टमध्ये तो चुकून आत राहिला तर रीडिंगही फसवं येतं आणि बल्बही जाऊ शकतो. म्हणून ‘बल्ब नेहमी बाहेर’ हा नियम सुरक्षितही आहे आणि मुलाच्या डोक्यातली एक गुंतलेली गोष्ट पूर्ण काढून टाकतो. पत्रक सुधारण्यापेक्षा कधी कधी कामाची पद्धत सुधारली तर भार जास्त उतरतो. थिअरीच्या पेपरात पुस्तकातलं उत्तर लिहावं लागतं हे खरं. ते शेवटच्या आठवड्यात सांगा, तेव्हा त्यामागचं कारण मुलं स्वतः ओळखतील.

पत्रकातून काय काढायचं तेही तितकंच महत्त्वाचं. मेगरचा इतिहास, आतल्या रचनेचं चित्र, ‘इन्सुलेशन म्हणजे काय’ची व्याख्या हे सगळं दुसऱ्या दिवसाच्या कागदावर जाऊ द्या. किमान किती रीडिंग हवं याचं एक जुनं सूत्र पुस्तकात असतं, ५० भागिले पॉइंटांची संख्या. ते पहिल्या पत्रकावर घातलंत तर मुलगा टेस्ट सोडून भागाकार करत बसतो. तिथे ‘१ मेगओहम’ पुरे. आणि एका वस्तूला एकच नाव. पत्रकावर ‘न्यूट्रल’, आकृतीत ‘एन’ आणि तोंडी ‘काळी वायर’ म्हटलंत, तर तुमच्या दृष्टीने ती एक तार आहे. मुलासाठी त्या तीन गोष्टी आहेत आणि ती एकच असल्याचं ताडणं हे चौथं काम. पत्रक इंग्रजीत असेल तर मनातल्या मनात भाषांतर हे पाचवं. शब्द मुलं वर्कशॉपमध्ये वापरतात तेच ठेवा, लिपी मराठी ठेवा.

एक सवय मोडायला जड जाते. मुलं पत्रक वाचत असताना तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची. त्याने मदत होईल असं वाटतं, पण डोळे एका ओळीवर आणि कान दुसऱ्या ओळीवर, मग दोन्ही जुळवत बसावं लागतं. आकृतीवर बोट ठेवून तोंडी सांगायचं असेल तर मजकूर झाका. मजकूर वाचायला दिला असेल तर गप्प राहा. तोंडी सांगतानाही एका दमात एकच कृती, कारण बोललेलं हवेत विरतं. कागदावरचं पुन्हा पाहता येतं.

आता शिकवण्याचा क्रम. इथे बहुतेक अनुभवी निदेशकांचा विरोध होतो, कारण ‘आधी का, मग कसं’ अशी आपल्याला शिस्त आहे. पोलॉक, चँडलर आणि स्वेलर यांनी २००२ मध्ये याच प्रकारच्या विद्युत चाचण्यांवर उलट क्रम तपासला. नवख्यांच्या एका गटाला आधी फक्त सुट्या पायऱ्या दिल्या, कारणं गाळून, आणि नंतर कारणांसह पूर्ण मजकूर. दुसऱ्या गटाला दोन्ही वेळा पूर्ण मजकूर दिला. नवख्यांमध्ये पहिला गट पुढे गेला. ज्यांना आधीपासून थोडं येत होतं त्यांना मात्र या क्रमाचा फायदा झाला नाही. म्हणजे हा कायमचा उपाय नाही, पहिल्या पायरीवरचा टेकू आहे.

तुमच्या वर्कशॉपमध्ये तो असा बसेल. पहिल्या दिवशी फक्त अर्थशी टेस्ट, सात क्रमांक, एकही ‘का’ नाही. प्रत्येकाने तीनदा केली पाहिजे. वहीत उतरवणं त्या दिवशी बंद. जर्नल काम हाताला बसल्यावर लिहायचं, कारण नकलेत मुलाचं लक्ष अक्षराकडे असतं, सर्किटकडे नसतं. दुसऱ्या दिवशी तोच बोर्ड, तेच पत्रक, हातात लाल पेन्सिल. मेगरचा प्रवाह लीडमधून निघून कुठे कुठे पोचू शकतो तो मार्ग मुलाने आकृतीवर रंगवायचा. आता ‘स्विच चालू का?’ विचारा. स्विच बंद असेल तर स्विचपासून होल्डरपर्यंतची तार, आपली हाफ वायर, लाल होतच नाही. ती तपासलीच गेली नाही हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. पायऱ्या हातात बसलेल्या असल्याने कारण समजून घ्यायला आता डोक्यात जागा असते. तिसऱ्या दिवशी दुसरी टेस्ट, जिथे फक्त दोन जागा बदलतात.

यानंतर टेकू हळूहळू काढायचा. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं की नवख्याला एकामागून एक गणितं सोडवायला लावण्यापेक्षा एक सोडवलेलं उदाहरण आणि लगेच तशाच धाटणीचं एक सोडवायला, अशा जोड्या दिल्या तर तो चांगलं शिकतो. तुमच्यासाठी सोडवलेलं उदाहरण म्हणजे पूर्ण भरलेलं पत्रक. दुसऱ्या पत्रकात ६ आणि ७ या जागा कोऱ्या ठेवा, मुलाने भरायच्या. तिसऱ्यात ४ ते ७ कोऱ्या. चौथ्यात नुसती आकृती. शेवटून कोरं करत येणं सोपं पडतं, कारण मुलाच्या समोर तयार झालेली स्थिती असते आणि त्याला फक्त पुढचं पाऊल ठरवायचं असतं. एक अपवाद कधीही करू नका. क्रमांक १ आणि २, मेन बंद आणि सप्लाय नसल्याची खात्री, हे चारही पत्रकांवर छापलेले राहिले पाहिजेत, पुढे बोर्डावरही चिकटवलेले. सुरक्षिततेची पायरी आठवणीच्या भरवशावर टाकायची नसते.

एका पत्रकावरून पुढच्यावर कधी न्यायचं हे दिवस मोजून ठरवू नका. बोर्डाशिवाय तीन तोंडी प्रश्न विचारा, प्रत्येकाला दहा सेकंद: एक स्विच बंद राहिला तर कोणती तार सुटली? जोडतार काढायला विसरून फेज-न्यूट्रल टेस्ट केली तर काय दिसेल? मेनचा फक्त फेज तुटला आणि न्यूट्रल जोडलेलाच राहिला तर अर्थशी रीडिंग काय येईल? दुसऱ्याचं उत्तर शून्य. तिसऱ्याचंही शून्य, कारण सप्लायचा न्यूट्रल बाहेर अर्थला जोडलेला असतो. लगेच उत्तर आलं तर पत्रक बदला. विचार करून, बोटं नाचवत आलं तर आणखी एक फेरी त्याच पत्रकावर. सोबत फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये वापरलेली नऊ आकड्यांची पट्टीही घ्या. काम झाल्या झाल्या मुलाने १ ते ९ मध्ये सांगायचं की डोक्याला किती ताण पडला. टेस्ट बरोबर आली पण आकडा ८, याचा अर्थ त्याला अजून जमलेलं नाही, तो कसाबसा तरला आहे. टेस्ट चुकली आणि आकडा २, तर भार जास्त नाही. त्याला आपण चुकतोय हेच कळलेलं नाही, आणि त्याला सोपं पत्रक देऊन काही होणार नाही.

अशा मुलासाठी बोर्डात एक दोष लपवून ठेवा. एका पॉइंटच्या हाफ वायर आणि अर्थ यांच्यामध्ये २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर. स्विच बंद ठेवून टेस्ट केली तर मेगर झकास रीडिंग दाखवतो. चालू केला की काटा ०.२ मेगओहमच्या आसपास खाली येतो. चुकीच्या पद्धतीने चांगलं उत्तर येतं, हा या जॉबमधला सगळ्यात मोठा धोका आहे. चिऱ्याच्या घरात पडवीतल्या होल्डरमध्ये जुलैची ओल गेलेली असते तेव्हा प्रत्यक्षात हेच होतं. पण हा दोष पहिल्या दोन पत्रकांच्या वेळी घालू नका. तेव्हा मुलाला रीडिंग खराब का आलं, पद्धत चुकली की वायरिंग, हे वेगळं करता येत नाही.

नव्या पत्रकातही गडबडी होतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे सूचना आकृतीवर आणल्या पण एकही गाळली नाही. मग आकृतीच दिसेनाशी होते. एका जागी आठ-नऊ शब्दांहून जास्त होत असतील तर समजा की त्यात कारण घुसलं आहे, ते दुसऱ्या दिवसाला ढकला. बाण एकमेकांना छेदत असतील तर सर्किट मोठं झालं आहे. आणि आकृतीकडे पाहून जे आपोआप कळतं त्याशेजारी काही लिहू नका. ‘हा बल्ब आहे’ हे वाचण्यातही वेळ जातो.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हेच पत्रक दिलंत तर उलट परिणाम होईल. काल्युगा, चँडलर आणि स्वेलर यांनी १९९८ मध्ये विजेच्या शिकाऊ उमेदवारांवर हे पाहिलं: सुरुवातीला ज्यांना आकृतीवरच्या सूचनांनी तारलं, त्यांनाच अनुभव वाढल्यावर नुसती आकृती जास्त सोयीची झाली. माहीत असलेलं पुन्हा वाचून आपल्या माहितीशी जुळवत बसणं हाही भारच. एकाच वर्कशॉपमध्ये दोन्ही वर्षं असतील तर पत्रकं वेगळी ठेवा, किंवा मुलालाच चारांपैकी एक उचलू द्या आणि तीन तोंडी प्रश्नांनी खात्री करा.

चौथ्या पत्रकावर तयार झालेला मुलगा गणपतीच्या आधी गावात कोणाच्या घरी टेस्टला गेला की पुन्हा गोंधळतो, तेव्हा सगळं विसरला असं समजू नका. तिथे इन्व्हर्टर असतो, आरसीसीबी असतो, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्विचबोर्डावरचे इंडिकेटर असतात. फेज-न्यूट्रल टेस्टमध्ये यांतली प्रत्येक वस्तू रीडिंग खाली आणू शकते. इन्व्हर्टर तर मेन बंद केल्यावरही आउटपुटला सप्लाय देत राहतो. बोर्डावर यांतलं काहीच नव्हतं, म्हणून हा नवा गुंता आहे आणि मुलगा त्यापुरता पुन्हा नवखा आहे. त्याला तिसऱ्या पत्रकावर परत आणा, आकृतीत या चार वस्तू घाला, इन्व्हर्टरपाशी ‘आधी बंद करून तोडा, टेस्ट लॅम्पने खात्री करा’ आणि बाकी तिघांपाशी ‘सर्किटमधून काढा’ एवढंच छापा. बाकीच्या जागा त्याने भरायच्या.